रिकॉलची घोषणा ऐकूनही लोक उपकरण वापरतच राहतात: संहितेत कुठे काय तपासायचं

सदोष उपकरण परत मागवताना कंपन्या रेडिओवर, केबलवर, दुकानात, कधी रिक्षावर भोंगा लावून जी घोषणा वाचतात, तिच्या मराठी संहिता दुरुस्त करणं हे माझं नेहमीचं काम. उपकरणं बदलतात, पण संहितेतला बिघाड जवळजवळ तोच असतो. ती ऐकून माणसाला वाईट काहीच वाटत नाही, आणि म्हणून तो काहीच करत नाही. हा बिघाड कसा ओळखायचा आणि कुठल्या क्रमाने शोधायचा, ते लिहितो. उदाहरणासाठी तीन लिटरचा इन्स्टंट गीझर घेतला आहे. दोष असा धरू या, की थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा थर्मल कटआऊट काही नगांमध्ये चिकटून बसतो. मग पाणी उकळलं तरी वीज चालूच राहते, टाकीत वाफेचा दाब वाढतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी तुंबलेला असेल तर टाकी फुटू शकते.

लक्षणं

बिघाड कागदावर दिसत नाही, तो हेल्पलाइनवर दिसतो. त्यामुळे आधी फोन घेणाऱ्यांच्या शेजारी बसा आणि लोक काय विचारतात ते ऐका.

"मोफत सर्व्हिसिंग कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न येत असेल, तर धोका पोचलेलाच नाही. लोकांना ही सणासुदीची योजना वाटते आहे. "आमचा गीझर यात बसतो का?" असं बहुतेक जण विचारत असतील, तर ओळख पटवणारं वाक्य निकामी आहे. "तुमचा माणूस येईपर्यंत वापरला तर चालेल ना?" हा सगळ्यांत गंभीर प्रश्न, कारण कृती सांगणारं वाक्यच गायब आहे किंवा गुळमुळीत आहे. "पावती सापडत नाही हो" असे फोन येत असतील, तर त्यांच्यामागे फोनच न केलेले कितीतरी जण आहेत असं समजा. आणि एखाद्या भागात माल भरपूर विकला गेलेला असताना तिथून फोनच येत नसतील, तर दोष संहितेत नसून ती कुठे वाजते आहे यात असू शकतो. ती तपासणी शेवटी करायची, कारण तिला खर्च फार.

पहिली तपासणी: धोका पातळ करणारे शब्द

याला लाल पेन पुरतं. माझ्या हातात येणारी संहिता बहुतेक वेळा अशी असते:

> "(कंपनीचे नाव), गेली अनेक वर्षे आपल्या विश्वासाची साथ! ग्राहकांची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे. याच बांधिलकीतून, आमच्या इन्स्टंट गीझरच्या काही निवडक मॉडेल्समध्ये क्वचित प्रसंगी थर्मल कटआऊटच्या कार्यक्षमतेत त्रुटी आढळण्याची शक्यता लक्षात घेता, खबरदारीचा उपाय म्हणून आम्ही स्वेच्छेने मोफत तपासणी मोहीम हाती घेतली आहे. अद्याप कोणालाही इजा झाल्याची नोंद नाही. संबंधित ग्राहकांनी आपला अनुक्रमांक संकेतस्थळावर पडताळून घ्यावा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

यातला प्रत्येक शब्द वेगवेगळा पाहिला तर खोटा नाही. पण "निवडक", "क्वचित प्रसंगी", "शक्यता", "खबरदारीचा उपाय", "स्वेच्छेने", "मोफत मोहीम" हे एकापाठोपाठ कानावर पडले, की ऐकणारा निर्धास्त होतो. "अद्याप कोणालाही इजा नाही" हे वाक्य तर थेट सांगतं, की घाई नको.

युरोपीय संघाने याच कारणासाठी हे शब्द कायद्याने बंद केले. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या तिथल्या उत्पादन सुरक्षा नियमावलीत म्हटलं आहे, की रिकॉलच्या सूचनेत धोका कमी भासेल असं काही असता कामा नये. स्वेच्छेने, खबरदारी म्हणून, क्वचित परिस्थितीत, अपघाताची नोंद नाही, ही उदाहरणंही तिथेच दिली आहेत. आपल्याकडे घोषणेच्या शब्दांवर एवढं नेमकं बंधन नाही, म्हणून ते पेन आपणच चालवायचं. कंपनीचा जनसंपर्क विभाग "स्वेच्छेने" या शब्दासाठी हटकून भांडतो. त्यांना सांगा, की तो शब्द प्रसिद्धीपत्रकात हवा तर ठेवा, भोंग्यावर नको.

दुसरी तपासणी: पहिली दोन वाक्यं

संहिता मोठ्याने वाचा, आणि शेजारच्या खोलीत भाजी चिरणाऱ्या माणसाला ऐकू द्या. दुसऱ्या वाक्यानंतर थांबा आणि विचारा, "काय कळलं?" कुठल्या कंपनीचं कुठलं उपकरण आणि त्याचं काय करायचं, हे दोन्ही सांगता आलं नाही तर सुरुवात चुकली.

छापील सूचना माणूस परत वाचतो. घोषणा एकदाच कानावरून जाते, तीही मिक्सर चालू असताना किंवा घंटागाडी पुढे सरकत असताना. कंपनीची परंपरा, विश्वास, बांधिलकी यांत पहिले दहा सेकंद गेले, तर तोवर कान दुसरीकडे वळलेला असतो, कारण जाहिरातीची चाल लोकांच्या पुरती ओळखीची आहे. मागचं संगीतही काढा. सावकाश, स्पष्ट वाचलं तर एका मिनिटात साधारण सव्वाशे शब्द बसतात. त्यात परंपरेला जागा नाही.

धोकाही लवकर सांगायचा, आणि शरीराला काय होईल या भाषेत सांगायचा. "कार्यक्षमतेत त्रुटी" म्हटल्यावर लोकांना वाटतं पाणी कोमट येत असेल. "टाकी फुटून उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं" म्हटलं की आई मुलाला आंघोळीला पाठवायची थांबते.

तिसरी तपासणी: "हा माझाच का?"

याला अर्धा दिवस आणि एक खरा गीझर लागतो. तो बाथरूममध्ये लावतात तितक्याच उंचीवर भिंतीवर लावा आणि मॉडेल क्रमांक कुठे दिसतो ते खाली उभं राहून पाहा. बहुतेक वेळा तो तळाच्या बाजूला पट्टीवर असतो, अक्षर बारीक असतं, आणि वाफेने, क्षाराच्या ओघळांनी पट्टी पांढरी पडलेली असते. संहिता लिहिणाऱ्याने हे पाहिलेलंच नसतं, म्हणून "अनुक्रमांक पडताळून घ्यावा" एवढं लिहून तो मोकळा होतो.

तीन गोष्टी दुरुस्त करा. पहिली, पट्टी नेमकी कुठे आहे ते सांगा, आणि तिचा फोटो मोबाइलने काढायला सांगा, म्हणजे कुणी ओल्या फरशीवर स्टूल ठेवून चढणार नाही. दुसरी, आकडे सुटे वाचा. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी भोंग्यावरून सारखेच ऐकू येतात, आणि सत्तावन्न-सत्त्याण्णव यांचीही गत तीच. "पाच, नऊ" म्हटलं की घोळ मिटतो. इंग्रजी अक्षरांत बी, डी, पी, टी यांची गल्लत होते. अक्षरं टाळता आली तर टाळा आणि ओळखीसाठी डोळ्यांना दिसणारी खूण द्या: रंग, दिव्याची जागा, बटणाचा आकार.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. नंबर सापडला नाही तर काय, ते सांगाच: "नंबर दिसत नसेल, तरी गीझर बंद ठेवा आणि फोन करा." हे वाक्य नसेल तर नंबर न सापडलेला माणूस आपला गीझर त्यातला नाही असं धरून चालतो. कंपनीला भीती असते, की सगळेच फोन करतील. करू देत. दोष नसलेला गीझर दोन दिवस बंद राहिला तर बादलीभर पाणी गॅसवर तापवावं लागतं. दोष असलेला चालू राहिला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

चौथी तपासणी: "तोवर वापरू का?"

इथे थोडं थांबू या, कारण हे एक वाक्य चुकलं की बाकी संहिता चांगली असूनही उपयोग नाही.

ब्रिटनमधलं कपडे वाळवणाऱ्या यंत्रांचं प्रकरण याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूलने तिथे जाहीर केलं, की हॉटपॉइंट, इंडेसिट आणि क्रेडा या नावांनी विकलेल्या काही ड्रायरमध्ये कपड्यांचं तूस तापणाऱ्या कॉइलवर पडून आग लागू शकते. २००४ ते २०१५ या काळात बनलेली ही यंत्रं लाखांच्या घरात होती. ती घरी जाऊन दुरुस्त करायची मोहीम सुरू झाली, पण लोकांना महिनोन् महिने थांबावं लागत होतं. त्या काळासाठी कंपनीचा सल्ला असा होता: ड्रायर वापरता येईल, मात्र तो चालू असताना लक्ष ठेवा, घराबाहेर जाऊ नका, झोपू नका.

ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत अशाच एका ड्रायरला आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. अनेक कुटुंबांना घर सोडून बाहेर पडावं लागलं. त्यानंतर लंडनच्या अग्निशमन दलाने सल्ला बदलण्याची मागणी लावून धरली. तरी तो बदलला फेब्रुवारी २०१७ मध्ये, तोही तिथल्या ग्राहक अधिकाऱ्यांनी कायद्याची नोटीस काढल्यावर: प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका. पूर्ण रिकॉल तर २०१९ च्या जुलैत आला, आणि तेव्हाही दुरुस्त न झालेली ५ लाखांपर्यंत यंत्रं घराघरांत असावीत असा अंदाज होता.

"लक्ष ठेवून वापरा" हा सल्ला दोन कारणांनी फसतो. समोर बसलेल्या माणसाला आग दिसते, पण ती लागायची थांबत नाही. शिवाय "वापरा" हा शब्द कानात राहतो आणि अट विसरली जाते. कंपनीच वापरायला सांगते म्हणजे फार काही नसणार, हा निष्कर्ष माणूस स्वतःच काढतो आणि दुरुस्तीची तारीख पुढे ढकलतो.

म्हणून संहितेत "शक्यतो", "गरज नसल्यास", "लक्ष ठेवून" असं काही सापडलं तर ते खोडा आणि हाताने करायची एकच कृती लिहा: भिंतीवरचं बटण बंद करा, पुन्हा चालू करू नका. आणीबाणीची सूचना वेगळ्या वाक्यात द्या. गीझरमधून वाफ येत असेल तर गरम पाण्याचा नळ उघडायचा नाही, कारण वाफच तोंडावर येते. घराचा एमसीबी पाडायचा, बाथरूमबाहेर थांबायचं, आणि टाकी आपोआप थंड होऊ द्यायची.

पाचवी तपासणी: वचन आणि त्यामागची माणसं

इथून पुढे खर्च सुरू होतो, कारण आता नुसती वाक्यं बदलून भागत नाही. घोषणेत "मोफत बदलून मिळेल" असेल तर ते दुकानदाराला माहीत आहे का? घोषणा वाजायच्या आदल्या दिवशी एखाद्या दुकानात साधा ग्राहक म्हणून फोन लावा. "आम्हाला काही कळवलेलं नाही" असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी शेकडो लोकांना तेच ऐकायला मिळणार. हेल्पलाइनवर मराठी बोलणारी माणसं आहेत का, तेही असंच फोन लावून पाहा.

पावतीची अट काढायला लावा. उपकरण परत घ्यायचं आहे ते धोक्याचं आहे म्हणून, आणि कुणी विकत घेतलं यावर टाकी फुटणं अवलंबून नसतं. पैसे परत की नवीन गीझर, हा पर्याय ग्राहकाला द्या. नुसत्या दुरुस्तीच्या वचनावर लोक "बघू सवडीने" म्हणतात.

आणखी एक वाक्य आपल्याकडे अलीकडे अटळ झालं आहे: "आमचा माणूस पैसे मागणार नाही, ओटीपी किंवा बँकेची माहिती विचारणार नाही." रिकॉलच्या बातमीच्या मागोमाग खोटे फोन येतात. ही भीती घोषणेतच मिटवली नाही तर लोक खऱ्या माणसालाही दारातून परत पाठवतात. मग परतावा बँकेत कसा जमा करणार, हे आधीच ठरवावं लागतं. धनादेश किंवा दुकानातून रोख, काहीही चालेल, पण घोषणेशी विसंगत नको.

सहावी तपासणी: ती पोचते आहे का

संहिता नीट झाली, फोन घेणारे तयार आहेत, तरी एखाद्या भागातून हालचाल नसेल तर गीझर आज कुणाकडे आहे ते शोधा. तो विकत घेणारा आणि आज वापरणारा ही बऱ्याचदा दोन वेगळी माणसं असतात. घरमालकाने लावला, भाडेकरू वापरतो. नवीन घेताना जुना कामाच्या मावशींना दिला, किंवा भंगारातून जुन्या बाजारात गेला. ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याकडे पत्ते असतात, पण ते पहिल्या ग्राहकाचे. म्हणून संहितेत हे वाक्य घाला: "असा गीझर कुणाला दिला असेल, विकला असेल, भाड्याच्या घरात लावला असेल, तर त्यांना आजच सांगा."

जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासोनिकने, किती खोल जावं लागतं ते दाखवलं आहे. १९८५ ते १९९२ या काळात बनलेल्या त्यांच्या केरोसीनच्या हीटरमध्ये हवेची रबरी नळी जुनी होऊन चिरायची आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत यायचा. २००५ मध्ये रिकॉलनंतरही मृत्यू झाले, तेव्हा कंपनीने डिसेंबरच्या ऐन विक्रीच्या काळात आपल्या टीव्ही जाहिराती काढून त्या जागी सूचना लावली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला देशभरातल्या घरांना सुमारे ६ कोटी पोस्टकार्डं पाठवली. ग्राहकांच्या याद्या वीस वर्षांत निरुपयोगी झाल्या होत्या, म्हणून प्रत्येक दारच गाठावं लागलं.

आपल्याकडे हेच काम घंटागाडी, ग्रामपंचायतीचा भोंगा, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि इलेक्ट्रिशियन करू शकतात. त्यातही इलेक्ट्रिशियन आधी. गीझर कुणाच्या बाथरूममध्ये आहे ते त्यालाच माहीत असतं.

दुरुस्तीनंतरची संहिता

> "धोक्याची सूचना. (कंपनीचे नाव) कंपनीचा तीन लिटरचा इन्स्टंट गीझर घरी असेल, तर तो आत्ताच बंद करा. हे गीझर आम्ही परत घेत आहोत.
>
> यातल्या काही गीझरमध्ये पाणी उकळलं तरी वीज बंद होत नाही. टाकी फुटून उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं. भिंतीवरचं बटण बंद करा. पुन्हा चालू करू नका. वाफ येत असेल तर नळ उघडू नका, घराचा एमसीबी पाडा आणि बाथरूमबाहेर थांबा.
>
> मॉडेल नंबर गीझरच्या तळाशी पट्टीवर आहे: (एकेक आकडा सुटा). नंबर दिसत नसेल, तरी गीझर बंद ठेवा आणि फोन करा: (क्रमांक). आमचा माणूस गीझर काढून नेईल. पूर्ण पैसे किंवा नवीन गीझर, तुम्हाला हवं ते मिळेल. पावती लागत नाही. तो पैसे किंवा ओटीपी मागणार नाही.
>
> असा गीझर कुणाला दिला असेल, तर त्यांना आजच सांगा. पुन्हा ऐका, फोन नंबर: (क्रमांक)."

सावकाश वाचली तर मिनिटापेक्षा थोडी जास्त लागते. कमी करायची झाली तर मॉडेल नंबर काढा आणि "तीन लिटरचे सगळे" म्हणा. बंद करण्याचं वाक्य आणि फोन नंबर काढू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही गोष्टी शब्द दुरुस्त करणाऱ्याने ठरवायच्या नसतात. वीज बंद करून त्याच गीझरमधून थंड पाणी घेतलेलं चालेल का, तो भिंतीवरून स्वतः काढावा का, वाफ येताना पाण्याचा कॉक बंद करावा की नाही, याचं उत्तर कंपनीच्या सुरक्षा अभियंत्याकडून लेखी घ्या. वरच्या नमुन्यातली आणीबाणीची वाक्यंसुद्धा त्याने त्या मॉडेलसाठी मान्य केल्याशिवाय वाजवू नका. दोन अभियंते दोन उत्तरं देत असतील, तर संहिता थांबवायची नाही. "बंद करा आणि फोन करा" एवढीच लगेच वाजवा, बाकीचं नंतर घाला. गॅसचा गीझर असेल तर विजेच्या गीझरची संहिता घेऊन त्यात शब्द बदलू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, पहिली कृतीच वेगळी आहे, आणि ती गॅस सुरक्षेच्या माणसानेच लिहावी.

कुणाला इजा झाली असेल, किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली असेल, तर वकिलाशिवाय एक ओळही बदलू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० खाली हे प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश देऊ शकतं. २०२२ मध्ये मानकात न बसणाऱ्या प्रेशर कुकरबाबत त्यांनी ऑनलाइन विक्री मंचांना तसे आदेश दिलेही आहेत. अशा वेळी घोषणेतला मजकूर आदेशाशी जुळावा लागतो. वकील "क्वचित प्रसंगी" परत घालू पाहील. तेव्हा अभियंत्याला त्याच खोलीत बसवा आणि त्याच्याकडून विचारून घ्या, की हा गीझर तो स्वतःच्या घरी चालू ठेवेल का.